ऑफिसातली पेटी कॅश: मर्यादा किती ठेवावी? दर महिन्याला १८ तारखेला डबा रिकामा

सातपूरकरीण

नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूर एमआयडीसीत एका छोट्या फॅब्रिकेशन युनिटच्या ऑफिसात काम करते. आम्ही सगळे मिळून १६ जण, मालक एकच, प्रोप्रायटरशिप. पेटी कॅश माझ्याकडे असते. १ तारखेला साहेब १५,००० रुपये देतात. १८-२० तारखेला डबा रिकामा होतो. मग मी आठवण करते, ते खिशातून दोन हजार, तीन हजार असे देत राहतात.

गेल्या महिन्याचा हिशेब सांगते. १५,००० अधिक साहेबांनी अधूनमधून दिलेले ७,५००, म्हणजे २२,५०० आले. व्हाउचरं २१,८६० ची. डब्यात ६४० हवे होते, निघाले ४५. म्हणजे ५९५ रुपये कुठे गेले ते मला सांगता येत नाही. साहेब काही बोलले नाहीत, पण हसले. ते हसणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आता साहेब म्हणतात, मर्यादा २५,००० करू, म्हणजे कटकट नको. मला वाटतं २५ केले तर २५ पण संपतील. नक्की किती ठेवावेत, आणि ते ठरवायचं कसं?

बोरूबहाद्दर

५९५ म्हणजे बरोबर पाच मिसळ आणि एक जादा पाव. ऑफिसातल्या लोकांची तोंडं बघा, तर्री लागली असेल कुणाच्या तरी मिशीला.

तिसरा मजला

२५,००० चुकूनही करू नका. आयकरात नियम आहे, १०,००० च्या वर रोख ठेवता येत नाही. आमच्या सीएने आम्हाला सांगितलं होतं, तेव्हापासून आमचा डबा ९,५०० चा आहे.

लिंबूटिंबू

मी स्वतः धंदेवाला आहे, म्हणून मालकाच्या बाजूने बोलतो. माणूस विश्वासाचा असेल तर डब्यात २५ असोत की ५०, काही फरक पडत नाही. आणि माणूस विश्वासाचा नसेल तर ५,००० सुद्धा जास्त. पाचशे-सहाशेच्या फरकासाठी मी तरी वह्या उघडत बसणार नाही. माझ्या तासाची किंमत त्याहून जास्त आहे.

खतावणी

धागाकर्तीने प्रश्न चांगला मांडलाय, आकड्यांसकट. माझी ३४ वर्षं हिशेबात गेली, त्यातली बरीच अशाच युनिटांमध्ये.

आधी तिसरा मजला यांचं. तुमच्या सीएने सांगितलं ते बरोबर, तुम्ही ऐकलं ते अर्धं. १०,००० चा नियम डब्यात किती आहेत याबद्दल नाही. एका माणसाला एका दिवसात धंद्याच्या खर्चापोटी रोखीने किती दिलेत, त्याबद्दल आहे. त्याच्या वर गेलं की तो खर्च करासाठी धरत नाहीत. एकाच दिवशी त्याच माणसाची ६,००० ची दोन व्हाउचरं केली तरी बेरीज १२,००० च होते, फाडून उपयोग नाही. ट्रकवाल्यांना, मालवाहतूकदारांना ही मर्यादा ३५,००० आहे. डब्याची मर्यादा तुमची तुम्ही ठरवायची.

आता सातपूरकरीण, तीन गोष्टी सांगा म्हणजे बोलता येईल. एक, ते २१,८६० कशाकशावर गेले? दोन, साहेबांनी दिलेले ७,५०० वहीत कधी आणि कुठे लिहिले? तीन, साहेब स्वतः त्या डब्यातून पैसे घेतात का? खरं उत्तर द्या, इथे ते वाचत नाहीत असं धरून.

बोरूबहाद्दर

तिसऱ्या प्रश्नाला मिशीवरची तर्री पुसली गेली बघा.

बी-विंगचे सचिव

आमच्या सोसायटीतही हाच प्रश्न आहे. सचिवाने हातात किती रोकड ठेवायची ते उपविधीतच दिलेलं असतं, त्यामुळे वाद नको. पण वॉचमनला दिवाळीचे पैसे द्यायचे म्हटले की खजिनदार म्हणतात चेकने द्या. वॉचमनचं खातं बिहारमध्ये. लिफ्टच्या वंगणाचंही तेच. गेल्या सभेत यावरून दीड तास चर्चा झाली आणि पार्किंगचा विषय राहूनच गेला. पार्किंगबद्दल कुणाला अनुभव आहे का?

रानजाई

सचिव, पार्किंगचा वेगळा धागा काढा, तिथे पाचशे प्रतिसाद येतील, लिहून ठेवा.

सातपूरकरीण

खतावणी काका, कालची अर्धी संध्याकाळ व्हाउचरं लावण्यात गेली. हे घ्या:

चहा, दूध आणि पाहुण्यांचा नाश्ता ५,२००. टेम्पो-रिक्षा भाडं ६,३००. वर्कशॉपचं किरकोळ सामान (बोल्ट, डिस्क, टेप वगैरे) ३,१००. कुरिअर २,४००. पाण्याचे जार १,८००. स्टेशनरी-झेरॉक्स १,५००. हमाली १,२००. इतर ३६०.

साहेबांचे ७,५०० मी मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिले होते. टॅलीत नाहीत. आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर... हो. कधी पेट्रोलला, कधी कुणी वर्गणी मागायला आलं तर. "लिहून ठेव ग" म्हणतात आणि गाडीत बसतात. मी लिहितेच असं नाही.

खतावणी

म्हणजे तूट तुमच्या हातून झालीच असं समजू नका.

आता तुमची यादी पुन्हा वाचा. यात खरोखर किरकोळ किती आहे? दूध रोज तोच माणूस आणतो ना? जारवाला तोच, कुरिअरचं ऑफिस तेच. टेम्पो बहुतेक वेळा एकाच माणसाचा असेल. हे खर्च रोजचे असले तरी पेटी कॅशचे नव्हेत. ते महिन्याच्या किंवा पंधरवड्याच्या बिलावर बँकेतून जायला हवेत. डबा कशासाठी? ज्याचं बिल थांबू शकत नाही, रक्कम लहान आहे आणि माणूस उद्या कुठे सापडेल ठाऊक नाही, अशासाठी. दारात उभा असलेला हमाल, अचानक संपलेली कटिंग डिस्क, कलेक्टर कचेरीतल्या झेरॉक्स. बस.

दूध-चहाचा नेहमीचा भाग, जार, कुरिअर आणि नेहमीचा टेम्पो वेगळा काढा आणि उरतं ते सांगा. मर्यादा त्याच्यावर ठरेल. खर्च न चाळता मर्यादा वाढवणं म्हणजे पिंपाला भोक असताना मोठं पिंप आणणं.

क्यूआर कोड

एवढं कशाला? रोख बंदच करा. आता हमालसुद्धा स्कॅनर पुढे करतो. आमच्या बाणेरच्या ऑफिसात दीड वर्षात डबाच नाही. ऑफिस बॉय स्वतःच्या फोनवरून देतो, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो, शनिवारी त्याला परत मिळतात.

रानजाई

क्यूआर कोड, आम्हीही हेच केलं होतं, कोल्हापूरला, ४० माणसांच्या कारखान्यात. दोन गोष्टी झाल्या.

पहिली, १४,००० पगाराचा मुलगा आठवडाभर ऑफिसचे दोन-अडीच हजार स्वतःच्या खिशातून फिरवत होता. महिनाअखेरीला त्याच्या खात्यात पैसेच नसायचे, मग "ताई, डिस्क नाही मिळाली" म्हणून रिकामा परत यायचा. डिस्क दुकानात होती, पैसे खात्यात नव्हते. सांगायला लाजायचा. मला कळायला तीन महिने लागले.

दुसरी, तोच स्क्रीनशॉट दोनदा आला. मुद्दाम नाही, त्याने एकदा ग्रुपवर टाकला आणि एकदा प्रिंट काढून व्हाउचरला लावला. दोन्हींचे पैसे गेले. ४२० रुपयेच होते (आकडा बघून हसू नका), पण मग मागचं चाळलं तर असे आणखी तीन निघाले. तेव्हापासून नियम केला, व्हाउचरवर यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताने लिहायचा. तारीख आणि रक्कम दोन व्यवहारांची सारखी असू शकते, तो क्रमांक नाही. रजिस्टरमध्ये शेवटचे चार आकडे लिहितो, शंका आली तर पूर्ण क्रमांक बघतो.

क्यूआर कोड

पगारावाल्या मुद्द्याचा विचार केला नव्हता. आमचा मुलगाही काही बोलत नाही. उद्या विचारतो.

वर्गशिक्षक

अवांतर. जिल्हा परिषदेच्या शाळेत याला सादिल म्हणतात. खडू, झाडू, रजिस्टर, सगळं सादिलमधून. रक्कम येते वर्षाच्या शेवटाकडे, खडू संपतात जूनमध्ये. मधले महिने मास्तरांचा खिसा म्हणजेच डबा. तुमचे साहेब निदान मागितल्यावर देतात तरी.

लिंबूटिंबू

खतावणी, सगळ्यांची महिन्याची बिलं करा म्हणणं सोपं आहे. जारवाला आणि दूधवाला बिल देत नाहीत. माझा दूधवाला कॅलेंडरवर फुल्या मारतो.

खतावणी

फुल्या चालतात. तुमच्याकडेही एक कॅलेंडर ठेवा, महिनाअखेरीला दोन्ही जुळवा, त्याच्या सहीचं एक व्हाउचर करा आणि खात्यावर पाठवा. २६ व्हाउचरांच्या जागी एक. छापील बिल नाही म्हणून खर्च खोटा ठरत नाही. कुणाला, कशाला, किती, कधी हे लिहिलेला आणि घेणाऱ्याची सही असलेला कागद पुरेसा असतो. अर्थात जिथे जीएसटीचं बिल मिळू शकतं तिथे आपल्या नंबराचं मागा. बोल्ट-डिस्कच्या ३,१०० मध्ये क्रेडिट सुटत असेल.

सातपूरकरीण

काढलं. दूध-चहाचं नेहमीचं ३,९००, जार १,८००, कुरिअर २,४००, नेहमीचा टेम्पोवाला ४,५००. एकूण १२,६००. म्हणजे २१,८६० मधून उरले ९,२६०.

आठवड्याला २,१००-२,२०० पडतात! मी दोनदा कॅल्क्युलेटर केला.

खतावणी

आता सरासरीवर थांबू नका, सरासरीने डबा रिकामा होतो. गेल्या तीन महिन्यांतला सगळ्यात वाईट आठवडा शोधा. आणि एक सांगा, साहेब किती दिवस सलग बाहेर असतात?

सातपूरकरीण

वाईट आठवडा ३,४०० चा, तेव्हा ग्राहकाचं इन्स्पेक्शन होतं, नाश्ता-रिक्षा जास्त झालं. साहेब सोमवार-मंगळवार पुण्याला असतात.

खतावणी

मग दर शनिवारी भरपाई घ्यायची. वाईट आठवडा ३,४००, आणि शनिवार चुकला, साहेब दोन दिवस नाहीत, तर त्या दोन दिवसांचे ७००-८०० धरा. ४,२०० झाले. ५,००० ठेवा. साहेब २५ म्हणत होते, तुमचं काम पाचात भागतंय.

पण खरी गोष्ट इथून पुढे आहे. भरपाई गोल आकड्यात घ्यायची नाही. शनिवारी २,३४० ची व्हाउचरं झाली असतील तर २,३४० च घ्यायचे, तीन हजार नाही. म्हणजे डब्यातली रोकड आणि हातातली व्हाउचरं यांची बेरीज कुठल्याही क्षणी, मंगळवारी दुपारी सव्वातीनला सुद्धा, ५,००० च भरली पाहिजे. तुमची तूट सापडत नव्हती कारण साहेबांचे दोन-तीन हजार मध्येच येत होते, बेरीज किती हवी हेच ठरलेलं नव्हतं. महिन्याने ५९५ शोधायचे म्हणजे १५०-२०० व्हाउचरांत शोधायचे. आठवड्याने शोधलं तर वीस-पंचवीसांत.

शनिवारी साहेबांची सही झाली की प्रत्येक व्हाउचरवर 'अदा' शिक्का आडवा मारा, नाहीतर तोच कागद पुढच्या आठवड्यात पुन्हा चालत येतो. टॅलीत पेटी कॅशचं वेगळं लेजर उघडा, बँकेतून काढलं की कॉन्ट्रा, खर्च त्या त्या खात्याला. आणि ते पेन्सिलीतले ७,५०० मालकाच्या भांडवल खात्याला आधी जमा करा. खर्च टाकले आणि ते टाकले नाहीत तर टॅलीत रोकड उणे दिसेल. डब्यात नसलेले पैसे खर्च कसे झाले, हा प्रश्न तपासणीवाला पहिला विचारतो.

तिसरा मजला

माझा नियम चुकीचा होता पण आकडा बरोबर निघाला म्हणायचा. ९,५०० पण जास्तच वाटायला लागलेत आता.

लिंबूटिंबू

आणि साहेब पाचशे घेऊन गाडीत बसले तर? नोकरी करणाऱ्या बाईने मालकाकडे व्हाउचर मागायचं? माझ्याकडे कुणी मागितलं तर मला राग येईल, खरं सांगतो.

रानजाई

लिंबूटिंबू, राग येईल तेव्हा येईल. महिनाअखेरीला तूट निघाली की हसताही तुम्हीच ना?

आमच्याकडे डब्यात पिवळ्या चिठ्ठ्यांचं पॅड असतं. मालक असो की शिपाई, पैसे निघाले की चिठ्ठी आत जाते: तारीख, रक्कम, सही. बेरीज करताना चिठ्ठी नोटेसारखीच मोजायची. पण चिठ्ठी खर्च नव्हे, ती उधारी. तीन दिवसांत बिल तरी यावं किंवा पैसे. एकदा आमच्या डब्यात ६,००० पैकी ३,८०० च्या चिठ्ठ्याच होत्या, काही दोन महिन्यांच्या. बेरीज अगदी बरोबर, आणि टेम्पोला द्यायला पैसे नाहीत.

खतावणी

रानजाई, अगदी. मी डबा तपासायला जायचो तेव्हा आधी सगळ्यात जुनी चिठ्ठी बघायचो.

दुसरं, जो डबा महिनोन् महिने रुपयाचाही फरक दाखवत नाही त्याच्याकडे मी जास्त लक्ष द्यायचो. सुट्ट्या पैशांच्या व्यवहारात दोन-पाच रुपये इकडेतिकडे होतातच. कधीच होत नसतील तर कुणीतरी स्वतःच्या खिशातून भरतंय, किंवा वरचे काढून ठेवतंय. तसंच पाचशेपर्यंत विचारायची गरज नाही असा नियम असला की ४८०, ४९०, ४९५ ची व्हाउचरं वाढतात. आणि वीस दिवसांची व्हाउचरं एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेली असतील तर ती महिनाअखेरीला बसून तयार केलेली असतात.

बोरूबहाद्दर

मी वर्षभर चार रंगांची पेनं वापरतो. आज कळलं मी किती दूरदृष्टीचा आहे ते.

झेंडू

दुकानांची, पेट्रोल पंपाची ती गुळगुळीत पावती सहा महिन्यांत कोरी होते. आमच्या ऑडिटला मी पांढऱ्या कागदांचा गठ्ठा नेला होता. झेरॉक्स काढून व्हाउचरला जोडा आणि रक्कम पेनाने वर लिहा. आणि ५,००० च्या वर रोख देऊन पावती घेतली तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून सही घ्या.

वर्गशिक्षक

तूट निघालीच तर कुणी भरायची? ५९५ पगारातून कापणार का? याबद्दल कुणीच बोललं नाही.

खतावणी

माझ्या मते लहान फरक 'रोकड तूट-वाढ' म्हणून वेगळ्या खात्यात दाखवावा. कापायला लागलात की माणूस तूट लपवायला शिकतो. वाढ निघाली की ती गुपचूप बाजूला ठेवतो, पुढची तूट भरायला. म्हणजे खरा आकडा तुम्हाला कधीच दिसत नाही.

लिंबूटिंबू

असहमत. एकदा कापली की पुढच्या वेळी बरोबर निघते. माझा अनुभव आहे.

रानजाई

बरोबर निघते की बरोबर दाखवली जाते?

लिंबूटिंबू

...तपासतो.

सातपूरकरीण

मंडळी, दोन महिन्यांनी धागा वर काढतेय.

साहेबांना आकडे दाखवले. पाच ऐकून म्हणाले "भागेल का ग?", मग ६,००० वर तोडगा निघाला. जार, दूध, टेम्पो, कुरिअर बँकेतून जातात. टेम्पोवाला पंधरा दिवस थांबायला तयार नव्हता, दर शनिवारी पाठवते. शनिवारी भरपाई. रोज संध्याकाळी निघताना नोटा मोजून चिठोऱ्यावर विगत लिहिते, ५०० किती, १०० किती, चिल्लर किती. पाच मिनिटंही लागत नाहीत. 'इतर' मध्ये काय जातंय ते बघितलं तर निम्मं वर्गणी निघालं, म्हणून 'वर्गणी' हे वेगळं खातं उघडलं आणि त्याला महिन्याला ५०० ची मर्यादा घातली. मंडळांची पोरं आली की मी आता वहीच दाखवते, साहेबही सुटले.

एकदाच फसलं. खंडेनवमीच्या आठवड्यात मशीनच्या पूजेला फुलं, नारळ, पेढे, १६ जणांचा नाश्ता मिळून ४,१०० गेले आणि बुधवारीच डबा तळाला. मी मर्यादा वाढवा म्हणणार होते, पण मग लक्षात आलं, पूजा काही अचानक येत नाही, तारीख वर्षभर आधी कॅलेंडरवर असते. पुढच्या वर्षी ते पैसे वेगळे मागणार, डब्यातून नाही.

त्या ५९५ पैकी ५०० साहेबांनीच मंदिराच्या वर्गणीला नेले होते, पावती त्यांच्या गाडीच्या कप्प्यात सापडली. ९५ अजून बेपत्ता.

क्यूआर कोड

मी आमच्या मुलाला विचारलं. ३,२०० अडकले होते त्याचे. आता त्याला सोमवारी ३,००० आगाऊ देतो. म्हणजे डबा बंद केला म्हणून फुशारकी मारली, तो त्याच्या फोनमध्ये परत आला.

खतावणी

सातपूरकरीण, छान. आता एक करा. मधल्याच एखाद्या दिवशी, न सांगता, साहेबांना डबा मोजायला सांगा. तुम्ही समोर बसा, दोघांनी सही करा. तुमच्यावर संशय म्हणून नाही, तुमच्या बाजूचा कागद म्हणून. आणि साहेब चिठ्ठी टाकतात का?

सातपूरकरीण

टाकतात. पहिल्या चिठ्ठीवर रक्कम होती, सही होती, आणि कारणाच्या जागी "मी" लिहिलं होतं.

बोरूबहाद्दर

९५ रुपयांचंही कारण तेच असणार.